मुलाखतीची वेळ बदलून मागताना

मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या कंपनीने गुरुवारी ११ वाजता मुलाखतीस बोलावले आणि त्याच वेळी विद्यापीठाचा पेपर असेल, तर पत्र निमंत्रण मिळताच धाडावे. "कधीही चालेल" हे नम्र वाटते खरे. परंतु मुलाखत घेणाऱ्या तिघाचौघांची वेळ जुळविण्याचे काम त्याने पुन्हा कंपनीवरच पडते. त्यापेक्षा असे लिहावे :

"निमंत्रणाबद्दल आभारी आहे. गुरुवारी ११ वाजता माझी विद्यापीठाची परीक्षा आहे. शुक्रवारी दुपारी २ नंतर, सोमवारी सकाळी १० ते १ किंवा मंगळवारी दिवसभर मी येऊ शकेन. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

शनिवार सुचवू नये. आपली दुकाने उघडी असली तरी तेथील पुष्कळ कार्यालये बंद असतात. लेखी होकार येईपर्यंत जुनीच वेळ कायम समजली जाते. म्हणून बुधवारी दुपारपर्यंत उत्तर न आल्यास फोन करावा.