फक्त दहा मिनिटं...



निफाडच्या बाजूला डिसेंबरात झालेल्या लग्नाच्या त्या पंगतीत तुमच्यापैकी काही जण होते, म्हणून हे लिहितोय. जे नव्हते त्यांनाही एव्हाना कळलंच असेल, आपल्याकडे अशा बातम्या पायी जात नाहीत. साडेबाराची पंगत एक चाळीसला बसली. तिसरी पंगत उठेपर्यंत चार वाजले. चूक माझी, आचाऱ्यांची नाही आणि कार्यालयाचीही नाही. झाल्या गोष्टीबद्दल मनापासून माफी मागतो.

आता झालं काय ते सांगतो. सहाशे पानं होती. भाज्या, पुऱ्या, जिलब्या, मठ्ठा सगळं वेळेत तयार होतं. अडला तो भात. साधा भात आणि मसालेभात आम्ही मुद्दाम शेवटी चढवतो, म्हणजे पानात गरम जातो. मसालेभाताचे तीन मोठे टोप, प्रत्येकात सोळा किलो तांदूळ, त्याला बत्तीसेक लिटर आधण. मोठ्या भट्टीवर हे आधण अर्ध्या तासात खळखळतं. त्या दिवशी सव्वा तास झाला तरी कडेला नुसते बुडबुडे.

सिलिंडर संपले म्हणावं तर हलवल्यावर आत गॅस डचमळत होता. बाहेरून मात्र खालच्या भागावर पांढरं दंव धरलेलं. सिलिंडरमध्ये गॅस पातळ असतो. त्याची वाफ होताना तो पत्र्याची उष्णता ओढून घेतो. भट्टी मोठी असली की ओढ जास्त, मग सिलिंडर गार पडतो, दाब उतरतो आणि आच मरते. थंडीत हे जास्त होतं. आणि सिलिंडर अर्धा असेल तर अजूनच लवकर, कारण पातळ गॅसला टेकलेला पत्राच कमी उरतो, उष्णता आत यायची कुठून?

आणि नेमके अर्धेच सिलिंडर मी नेले होते! आधीच्या कार्यातले उरलेले, म्हटलं संपवून टाकू. वर ते रात्रभर उघड्यावर राहिले. काटकसर म्हणायची की चिक्कूपणा, तुम्हीच ठरवा. एक पोरगा खाली जाळ करू का म्हणाला, त्याला दटावून लांब केलं. कोमट पाण्याच्या घमेल्यात सिलिंडर ठेवले, गावातून भरलेले मागवले. ते येईपर्यंत बारा वाजून गेले होते. आच बसल्यावर घाई करून कणी राहिलेला भात वाढला असता तर वीसेक मिनिटं वाचली असती. तो वाढला नाही, एवढं एकच त्या दिवशी बरोबर केलं.

पण माझ्या मते खरी चूक सिलिंडरची नाहीच. सिलिंडर कुणाचाही गारठेल. उशीर होणार हे मला साडेदहाला कळलं होतं. यजमानांना सांगितलं एक वाजता. मधल्या वेळात ते तीनदा विचारायला आले आणि तिन्ही वेळा मी म्हणालो, "दहा मिनिटं फक्त." आमच्या धंद्यात हे वाक्य इतकं सवयीचं आहे की ते खोटं आहे हे आम्हालाच जाणवत नाही. ऐकणारा मात्र त्या दहा मिनिटांवर विसंबून बसतो.

नवऱ्या मुलीचे आजोबा तसेच बसले होते. साडेबाराला जेवायचं म्हणून त्यांनी इन्सुलिन घेतलं होतं. एकच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. नातीच्या लक्षात आलं, साखरपाणी दिलं, पंधरा-वीस मिनिटांत सावरले. तेव्हा पुऱ्यांच्या पराती भरून माझ्या शेजारी ठेवलेल्या होत्या, भाजी होती. साडेदहाला खरं बोललो असतो तर म्हातारी माणसं, लहान मुलं, औषधवाले, सगळ्यांना बाराला ताटं देता आली असती. भाताशिवाय. कुणी काही म्हणालं नसतं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. आजोबा ठणठणीत आहेत, वर मलाच म्हणाले, "मसालेभात छान होता हो!" (हे ऐकून जास्तच ओशाळल्यासारखं झालं.) वाढप्यांची मजुरी आणि भाताचा सगळा खर्च मी बिलातून वजा केला. यजमान नको म्हणत होते, पण त्यावर मी ऐकलं नाही.

असो. आता मोठ्या भट्ट्यांना तीन-तीन भरलेले सिलिंडर एकाच नळीवर जोडून घेतलेत, म्हणजे एकट्यावर ओढ पडत नाही. हे काम जाणकाराकडूनच करून घेतलं. अर्धे उरलेले चहाच्या शेगडीला. आणि पंगतीच्या दोन तास आधी यजमानांपैकी एकाला मुदपाकखान्यात बोलावून आधण दाखवायचं, उशीर असेल तर तिथेच घड्याळाची वेळ सांगायची असं ठरवलंय. परवा एका मुंजीत हे केलं. आधण चांगलं उकळत होतं, तरी मुलाचे वडील घाबरून म्हणाले, "का हो, काही गडबड आहे का?"