विश्लेषण : राखीगढीची स्त्री गोरी होती की सावळी? प्राचीन डीएनए काय सांगतो आणि कुठे थांबतो?

गिरगाव असो, दादर असो की लालबाग. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्ममध्ये 'वर्ण' हा रकाना आजही सापडतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, यांतलं एक निवडायचं. डोळे घारे असतील तर त्याचा वेगळा उल्लेख होतो. आणि कुटुंबात कुणी गोरं-घारं असलं की 'आपले पूर्वज बाहेरून आले' असा निष्कर्षही लगेच निघतो.

हाच तर्क हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनाही लावला जातो. हडप्पा संस्कृतीच्या लोकांमध्ये 'बाहेरचा' अंश नव्हता, म्हणजे ते काळे होते, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू त्यांची गोरी चित्रं काढते. प्रत्यक्ष डीएनएवरून यातलं काय सांगता येतं?

राखीगढीत काय सापडलं?

हरियाणात राखीगढी हे हडप्पा संस्कृतीचं मोठं स्थळ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या दफनभूमीचं उत्खनन झालं. तिथल्या डीएनएचा अभ्यास सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यासाठी सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले गेले. उष्ण हवामानात डीएनए लवकर नष्ट होतो, त्यामुळे उपयोगी ठरला तो एकच नमुना. तो सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा होता. तिच्या वंशात प्राचीन इराणी लोकांशी नातं असलेला मोठा अंश आणि दक्षिण आशियातल्या शिकारी-संकलकांचा अंश सापडला. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या, म्हणजे स्टेपीच्या पशुपालकांचा अंश मात्र सापडला नाही.

हा निष्कर्ष तिच्या वंशाबद्दलचा आहे, रंगाबद्दलचा नाही.

वंश कळला, मग रंग का कळत नाही?

डीएनए म्हणजे ए, टी, सी, जी या चार अक्षरांचा लांबलचक मजकूर. वंश शोधताना हजारो ठिकाणची अक्षरं एकत्र मोजतात. त्यातली बरीच गळाली तरी सरासरी निघते. रंगाचं तसं नाही. तिथे ठरावीक ठिकाणचं नेमकं अक्षर वाचावं लागतं.

न्यायवैद्यक क्षेत्रातून आलेली एक पद्धत यासाठी जगभर वापरली जाते. तिला डीएनएतल्या ४१ जागा लागतात. त्यावरून डोळ्यांचे तीन प्रकार, केसांचा रंग आणि त्वचेच्या अगदी फिकट ते गडद काळी अशा पाच छटांपैकी कुठली शक्यता जास्त, हे सांगितलं जातं.

आता राखीगढीचा हिशेब पाहू. प्रयोगशाळेत सुमारे १२ लाख जागा वाचायचा प्रयत्न होता. एकाच नमुन्यावर पुन्हा पुन्हा काम करूनही जेमतेम ३१ हजार जागा हाती आल्या, म्हणजे शंभरातल्या अडीच ते तीन. त्याच प्रमाणात रंगाच्या ४१ जागांपैकी सरासरी एखादीच वाचली जाणार. एका जागेवरून चेहऱ्याचा रंग ठरवता येत नाही.

राखीगढीच्याच दोन कवट्यांवरून चेहऱ्यांची पुनर्रचनाही झाली आहे. पण कवटीवरून ठेवण कळते, रंग कळत नाही.

एखादी जागा वाचता आली, तर?

समजा, ती एक जागा 'एसएलसी२४ए५' या जनुकातली निघाली. त्वचेच्या रंगाशी संबंधित जनुकांमध्ये हे सर्वांत गाजलेलं. त्यात एका ठिकाणी मूळ अक्षर 'जी' आहे. तिथे 'ए' असेल तर त्वचा उजळ असण्याकडे कल असतो.

अडचण अशी, की जमिनीत पडून असलेल्या डीएनएमध्ये 'सी' हे अक्षर खराब होऊन 'टी'सारखं वाचलं जातं. डीएनएच्या दोन पट्ट्यांत 'सी'समोर नेहमी 'जी' असतो. त्यामुळे दुसऱ्या बाजूने पाहिलं तर हीच झीज 'जी'चा 'ए' झाल्यासारखी दिसते. म्हणजे मुळात गडद त्वचेचं अक्षर निव्वळ झिजेमुळे उजळ त्वचेचं वाटू शकतं.

निळ्या डोळ्यांशी जोडलेल्या 'एचईआरसी२' जनुकातल्या जागेवर उलटं होतं. तिथे निळ्या डोळ्यांकडे नेणारं अक्षर 'जी' आहे. ते झिजलं तर डोळे तपकिरी होते असं वाटेल.

ही चूक ओळखता येते. झीज मुख्यतः डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांना होते. त्यामुळे अक्षर तुकड्याच्या मध्यभागी आहे का आणि वेगवेगळ्या अनेक तुकड्यांत तेच दिसतं का, हे पाहतात. खराब झालेली अक्षरं रासायनिक प्रक्रियेने काढूनही टाकता येतात. शिवाय प्रत्येकाला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. एकच तुकडा वाचला असेल, तर दुसऱ्या प्रतीत काय होतं हे कळत नाही.

'स्टेपी अंश नाही म्हणजे काळी' हा तर्क का चुकतो?

२०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि इतर शास्त्रज्ञांनी 'एसएलसी२४ए५'चा भारतात अभ्यास केला. उपखंडातल्या ५४ समाजगटांमधल्या १,५७३ जणांची तपासणी झाली. उजळ त्वचेचं अक्षर सर्वदूर आढळलं, पण गटागटांत त्याचं प्रमाण खूप वेगळं होतं. भारत आणि युरोपातलं हे अक्षर एकाच मूळ बदलातून आलं असून त्याचं वय २२ ते २८ हजार वर्षं निघालं.

भारतात स्टेपी लोक आले ते गेल्या चार हजार वर्षांत. म्हणजे हे अक्षर त्यांच्याहून कितीतरी जुनं आहे आणि ते फक्त त्यांचंच होतं असं म्हणता येत नाही. शिवाय २०१४ च्या एका अभ्यासात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या स्टेपी भागातली प्राचीन माणसं आजच्या तिथल्या लोकांपेक्षा गडद रंगाची असावीत असं दिसलं.

युरोपातली उदाहरणं तर आणखी बोलकी आहेत. स्पेनमधल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या एका शिकाऱ्याचे डोळे निळे असावेत आणि त्वचा गडद, असं २०१४ मध्ये त्याच्या जनुकांवरून दिसलं. ब्रिटनच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या 'चेडर मॅन'बद्दल २०१८ मध्ये असाच अंदाज जाहीर झाला. गोरी त्वचा आणि निळे डोळे हे जोडीनेच येतात, हा समज तिथे मोडला.

घाऱ्या डोळ्यांचं काय?

पद्धतीची मर्यादा इथे सर्वांत ठळक दिसते. निळे आणि गडद तपकिरी डोळे तिला चांगले ओळखता येतात. मधल्या छटा, म्हणजे हिरवट, करडे किंवा फिकट तपकिरी डोळे ओळखताना ती वारंवार चुकते. मराठीत आपण 'घारे' म्हणतो ते बहुतेक डोळे याच मधल्या गटातले.

त्वचेचंही तसंच. वरच्या भारतीय अभ्यासात दक्षिण भारतातल्या १,२२८ जणांच्या त्वचेचा रंग मोजला गेला. त्यातला सुमारे २७ टक्के फरक त्या एका जागेने समजावून सांगितला. एका जागेसाठी हे खूप आहे. तरीही उरलेला बहुतेक फरक इतर जनुकं, ऊन आणि आणखी कारणांमुळे येतो.

त्यामुळे 'हडप्पाच्या माणसाचा खरा रंग सापडला' असं चित्र पुढच्या वेळी फॉरवर्ड होऊन आलं, तर तीन गोष्टी तपासता येतील : रंगाच्या ४१ पैकी किती जागा वाचल्या, प्रत्येक जागा किती तुकड्यांत दिसली आणि झीज कशी वगळली. राखीगढीच्या त्या स्त्रीपुरतं बोलायचं, तर पहिल्याच प्रश्नावर चित्रकाराला ब्रश खाली ठेवावा लागतो.