दर्शन घेताना डोळे मिटू नका

अंजनवेलच्या दीपगृहाजवळ टाळकेश्वराचे मंदिर आहे. तिथे किंवा कुठेही देवासमोर उभे राहताच आपण डोळे मिटतो. माझ्या मते तिथेच दर्शन निसटते.

‘दर्शन’ म्हणजे पाहणे, पण ते एकतर्फी नाही. मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेत नेत्रोन्मीलनाचा विधी असतो. सोन्याच्या शलाकेने, मध-तूप लावून मूर्तीचे डोळे उघडतात. ही पहिली नजर फार प्रखर मानतात, म्हणून समोर आरसा धरण्याची रीत आहे. म्हणजे मूर्ती पाहते, हे गृहीत धरूनच पुढची सगळी पूजा चालते.

मग शिवपिंडीला डोळे कुठे? इथे नंदी मदतीला येतो. त्याची नजर अखंड पिंडीवर असते. म्हणून आधी नंदीपाशी वाकायचे, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्याच्या शिंगांवर ठेवायची आणि त्या चौकटीतून पिंडी पाहायची. आपली नजर नंदीच्या नजरेला जोडून घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. शिंगांतून पिंडी दिसली नाही, तर आपण तिरके उभे आहोत.

शिमग्यात हेच उलटे घडते. ग्रामदेवतेची रूपे पालखीत बसतात आणि देव घरोघरी येतो. ओटी भरताना गृहिणी रूपांकडे टक लावून पाहते, डोळे मिटत नाही. आपण मात्र मोबाइल मध्ये धरतो. फोटो मिळतो, नजर पडद्यावरच राहते.

नजर भिडू द्या, मग खुशाल डोळे मिटा.