फुटाचा भाव आणि कोपऱ्याचे दोन फूट

पनवेलला आमच्या फ्लॅटचं मॉड्युलर किचन ठरतंय आणि घरी दोन कोटेशन्स आली आहेत. पहिलं एका ओळीचं: १४ रनिंग फूट, ग्रॅनाइटसकट फुटाला ५,००० रुपये, एकूण ७०,०००. दुसऱ्यात कॅबिनेट, हार्डवेअर, ग्रॅनाइट वेगवेगळं, एकूण ७६,०००. बाबांना अर्थातच पहिलं स्वस्त वाटतं. मला नाही.

ओटा एल आकाराचा, भिंती ८ आणि ६ फुटांच्या. पण ओटा २ फूट रुंद, म्हणजे कोपऱ्याचा चौकोन दोन्ही भिंतींच्या मापात येतो. प्रत्यक्षात काम १२ फुटांचं. जादा दोन फुटांचे दहा हजार कशाचे?

शिवाय दोन फुटांत दोन दारं लावली तर चार बिजागऱ्या पुरतात, तीन ड्रॉवर केले तर चॅनेलच्या तीन जोड्या लागतात. खर्च वेगळा, फुटाचा भाव तोच! मग किचनवाला दारंच लावणार ना?

दुसऱ्या कोटेशनमध्ये ड्रॉवर मोजता येतात, सिंकखालच्या प्लायपुढे आयएस ७१० लिहिलंय. मात्र त्यातही 'हार्डवेअर गरजेनुसार' अशी एक ओळ आहेच. तिथे नग आणि कंपनी लिहून घ्या, असं बाबांना सांगितलंय.