बाळंतिणीचा व्यायाम : नुसता कागद पुरत नाही

मंडईत भाजी विकणारी एक भगिनी बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी दवाखान्यात आली. पाटी उचलताना लघवी सुटत असे. व्यायामाचा कागद तिला मिळाला होता. पण ती श्वास रोखून पोट आवळी. त्याने खाली दाब उलट वाढतो. म्हणून माझे मत असे, की कागद देण्यापूर्वी व्यायाम करवून घ्यावा.

गॅस रोखतो तसे गुदद्वार व योनिमार्ग आत-वर ओढावेत. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. प्रथम 3 सेकंद धरून तितकाच वेळ सैल सोडावे. हळूहळू 10 सेकंद, 10 वेळा, दिवसातून तीनदा. पाटी उचलण्याआधीही आवळावे. लघवी मध्येच थांबवून सराव करू नये. तीन महिन्यांत फरक न पडल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.