पीटीचा तास परत मागताना

सहामाही जवळ आली की पीटीच्या तासाला गणिताची उजळणी सुरू होते. अंधेरी-घाटकोपरच्या सोसायट्यांत अंगणभर गाड्या उभ्या असतात. तिथल्या कित्येक मुलांना आठवड्यात मनसोक्त धावायला मिळतं ते याच तासाला. म्हणून मुख्याध्यापकांना पत्र लिहाच, पण नुसती तक्रार नको. महिनाभराचं वेळापत्रक समोर ठेवा आणि कोणत्या तारखेचा तास कशासाठी गेला, ते मुलांना विचारून नोंदवा. शिक्षकांची नावं घालू नका, त्यांच्यावर अभ्यासक्रम संपवायचा ताण असतो.

मग खरा मुद्दा मांडा. राज्य मंडळाच्या नववी-दहावीत ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा श्रेणीचा विषय आहे आणि ती श्रेणी शाळाच देते. तास झालेच नसतील, तर श्रेणी कशावरून दिली?

मागणी एकच ठेवा: उजळणीसाठी तास घ्यावाच लागला, तर त्याच आठवड्यात तो परत मिळावा आणि तशी लेखी सूचना निघावी. पावसात मैदान बंद असेल, तर वर्गात योगासनं घेता येतात. पत्राची पोच घ्या आणि पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा.