पालक पुन्हा गरम केला तर?

गेल्या शिबिरातली गोष्ट. क्रॉस कंट्री संपवून आमची तुकडी जेवायला पोहोचली तेव्हा तीन वाजले होते. पालकाची डाळ साडेबाराला चुलीवरून उतरली होती आणि मोठ्या पातेल्यात झाकून ठेवली होती. आता ती जेमतेम कोमट होती. एकाने गरम करून मागितली, तर वाढणाऱ्या काकांनी साफ नकार दिला. पालक दुसऱ्यांदा गरम केला की त्याचे विष होते, असे त्यांचे म्हणणे. आम्ही कोमटच खाल्ली. माझ्या मते काकांनी काळजीपोटी नेमकी उलटी गोष्ट केली.

हा समज अगदीच हवेतला नाही. 100 ग्रॅम ताज्या पालकात साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम नायट्रेट असते आणि बीटमध्येही ते भरपूर असते. नायट्रेटपासून नायट्राइट झाले, तर ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करते. सहा महिन्यांखालील बाळांना त्याचा खरा धोका असतो. त्यांची त्वचा निळसर पडू शकते. म्हणून तान्ह्या बाळाला शिळा पालक भरवू नये, हे आजीचे म्हणणे बरोबरच आहे.

पण नायट्रेटचे नायट्राइट करते कोण? आच नव्हे, जिवाणू. शिजवलेली भाजी तासन्‌तास कोमट राहिली की ते वाढतात आणि हे काम करतात. पाच मिनिटे उकळल्याने ते होत नाही. शिवाय आपल्या जिभेवरचे जिवाणू हेच काम रोज करतात आणि मोठ्या माणसाला त्याचा त्रास होत नाही. धावपटू शर्यतीआधी बीटचा रस पितात तोही या नायट्रेटसाठीच.

मग त्या पातेल्यात खरा धोका कशाचा होता? मोठ्या स्वयंपाकघरांना चांगला ठाऊक असलेला एक जिवाणू आहे, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. अन्न 60 अंशांखाली उतरले की ते जागे होतात, आणि 45 अंशांच्या आसपास, म्हणजे आपण ज्याला कोमट म्हणतो तिथे, त्यांची संख्या जवळपास दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. घरची छोटी कढई लवकर निवते. वीस लिटरचे झाकलेले पातेले मात्र त्या कोमट टप्प्यात कितीतरी वेळ अडकून राहते. असे अन्न खाल्ले तर सहा ते चोवीस तासांत पोटात कळा येतात आणि जुलाब होतात. उलटी सहसा होत नाही. वासावरून किंवा चवीवरून आधी काही कळत नाही.

हे वाढलेले जिवाणू नीट गरम केल्यावर मरतात. म्हणजे तीन वाजता ती डाळ ढवळत, मधोमध वाफ येईपर्यंत खळखळ उकळायला हवी होती आणि लगेच वाढायला हवी होती. अडीच तासांच्या डाळीला एवढे पुरे झाले असते. पाच-सहा तास तशीच पडून असती, तर मात्र उकळूनही खाऊ नये, फेकून द्यावी. कारण काही जिवाणूंनी सोडलेले विष उकळूनही जात नाही. भाताच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, पण भाताबद्दल कोणी अफवा पसरवत नाही!

उशिरा येणारी तुकडी आधीच माहीत असेल, तर त्यांचा वाटा पसरट परातींत काढून निववावा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि ते आल्यावर एकदाच उकळावा. नाहीतर मंद आचेवर 60 अंशांच्या वर राखावा. झाकून ठेवले म्हणजे राखले, असे नव्हे.

चहाचे थोडक्यात. पुन्हा उकळलेला चहा कडू लागतो, विषारी होत नाही. मात्र सकाळचा दुधाचा चहा दुपारपर्यंत बाहेर पडून असेल तर ओतून द्या, कारण त्यात दूध आहे.

उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडा दिसली की आमच्यातले निम्मे ते बाजूला सारतात. ती कडा म्हणजे बलकातले लोह आणि पांढऱ्यातले गंधक यांचे संयुग. अंडे जास्त वेळ उकडले, एवढाच त्याचा अर्थ. गरम पाण्यात बुडवून ते पुन्हा गरम केले तरी काही बिघडत नाही. मायक्रोवेव्हमध्ये मात्र अख्खे अंडे ठेवू नका. आत वाफ कोंडते आणि ते कधी भांड्यात, तर कधी दात लावताच तोंडात फुटते. आणि सोलून डब्यात नेलेले अंडे उन्हाळ्यात तासाभरात संपवावे. मी त्या दिवशी सकाळचे अंडे खिशात ठेवून तीन वाजता खाल्ले होते, आणि त्याबद्दल मला कोणीही काही बोलले नाही.